क्रँक अडकतोय: बेअरिंग नव्हे, लांबी बघा

> चार दांड्यांची जोडणी आहे: फ्रेम 200, क्रँक 60, कपलर 150, रॉकर 100 मिमी. क्रँक एका जागी येऊन अडकतोय. बेअरिंग बदलू का?

बेअरिंगला हात लावू नका भावा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात लांब दांडीची बेरीज इतर दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त नको, ही ग्रॅशॉफची अट. तुमच्याकडे 60+200 म्हणजे 260, आणि 150+100 म्हणजे 250. क्रँक रॉकरच्या फ्रेमवरच्या पिनच्या बरोबर उलट दिशेला गेला की त्याच्या टोकापासून त्या पिनपर्यंत 260 मिमी अंतर पडतं. कपलर-रॉकर पार सरळ ताणले तरी 250च. म्हणून फ्रेमवरच्या दोन्ही पिनांच्या रेषेपासून साधारण 142 अंशांवर तो थांबतो, उलटा फिरवला तरी तेवढ्यावरच. हातानं फिरवून बघा.

कपलर 160 केला तर अट जेमतेम जमते, पण तिथे सगळं एका रेषेत येतं आणि रॉकर कुठल्या बाजूला वळेल याचा भरवसा नाही. 165 केला तर क्रँक फिरेल, पण त्या जागी कपलर-रॉकरमधला कोन 157 अंश होतो. जोर पिनवरच जातो, पिना झिजतात.

उद्यमनगरात कपलरची नवी पट्टी करून घ्यायचीच आहे, तर 180 ची घ्या. कोन 51 ते 134 अंशांत राहतो. आणि हो, मोजमाप पट्टीच्या टोकांचं नव्हे, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं.