शॉर्ट पोझिशन शीटमध्ये कुठे लिहायची?

माणदेशी_ट्रेडर: माझ्या वॉलेटमध्ये १.२ ईथर, एका एक्स्चेंजवर ०.८ ईथर आणि दुसऱ्या एक्स्चेंजवर १.५ ईथरचं पर्पेच्युअल शॉर्ट आहे. शॉर्ट ३,२०० ला उघडलं, आता भाव ३,००० आहे. त्या खात्यात ६०० यूएसडीटी पडलेत. तिन्ही जागा एकाच शीटमध्ये मांडल्या तर एकूण किती लिहायचं? मित्र म्हणतो, शॉर्टची शीट वेगळीच ठेव. तुमचं मत?

खतावणी: मित्राचं ऐकू नका. वेगळी शीट केलीत की शॉर्ट कशाच्या बदल्यात घेतलंय हेच दिसेनासं होतं. शीट एकच ठेवा, पण नग आणि मूल्य हे दोन रकाने वेगळे. नगात चिन्ह जपायचं: १.२, ०.८ आणि उणे १.५. बेरीज ०.५ ईथर, म्हणजे भावाची खरी झळ तुम्हाला एवढ्यावरच. मूल्याचं सूत्र मात्र प्रकारानुसार बदलतं. B मध्ये प्रकार, D मध्ये नग, E मध्ये उघडलेला भाव, F मध्ये खात्यातली शिल्लक, G मध्ये आजचा भाव:

```
=IF(B2="PERP", F2+D2*(G2-E2), D2*G2)
```

हातातल्या दोन ईथरचे ६,०००. शॉर्टवर ३०० चा न वटवलेला नफा, शिल्लक ६००, म्हणून त्या ओळीत ९००. एकूण ६,९००.

सरळहिशोबी: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? शॉर्ट म्हणजे उणे. ६,००० मधून ४,५०० वजा करा, १,५०० उरले. संपलं.

खतावणी: उणे आहे हे बरोबर, पण ते नगात. ४,५०० हा कराराचा आकार झाला, तेवढे पैसे तुम्ही कोणाला देणं लागत नाही. आज सगळं बंद केलंत तर हातात ६,९०० येतात, फी वगळून. पडताळा घ्यायचा तर भावाच्या खान्यात ३,००० ऐवजी २,९०० टाका. हातातल्या ईथरवर २०० गेले, शॉर्टवर १५० आले. एकूण ५० नेच उतरायला हवं, कारण निव्वळ नग ०.५. शीट याहून वेगळं काही दाखवत असेल तर कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय किंवा करार मालमत्ता म्हणून मोजला गेलाय.

अनिवासी_पुणेकर: सूत्रात एक भोक आहे. क्रॉस मार्जिन असेल तर खात्यातले ६०० सगळ्या पोझिशन्सना सामाईक असतात. उद्या यांनी तिथेच बिटकॉइनचं लाँग उघडलं की दोन्ही ओळींत F भरणार आणि ६०० दोनदा मोजले जाणार. शिल्लक यूएसडीटीची स्वतंत्र ओळ करा, पर्पच्या ओळीत फक्त `D2*(G2-E2)`.

खतावणी: मान्य, ही मांडणी जास्त भक्कम. एकूण तेवढंच, ६,०००, ६०० आणि ३००. फक्त शिल्लक दर वेळी एक्स्चेंजच्या पडद्यावरून घ्या, सुरुवातीला भरलेला आकडा तसाच ठेवू नका. फंडिंग बऱ्याच ठिकाणी दर आठ तासांनी कापलं किंवा जमा केलं जातं, आणि ते शिल्लकीत मुरतं, पोझिशनच्या नफ्यात दिसत नाही. आणि हे सूत्र यूएसडीटीत चुकते होणाऱ्या करारांचं. ईथरमध्येच मार्जिन असणाऱ्या करारात नफा सरळ रेषेत वाढत नाही, तिथे हे लावू नका.

कर_सल्ला_हवा: मी अशीच शीट करून ठेवलीय. यावरूनच रिटर्नचं व्हीडीए परिशिष्ट भरता येईल ना? माझा १ टक्का टीडीएसही कापला गेलाय.

अनिवासी_पुणेकर: नाही हो. ही आजची स्थिती झाली. तिथे प्रत्येक विक्रीची खरेदी तारीख, विक्री तारीख आणि किंमत लागते, त्यासाठी व्यवहारांची वही वेगळी. स्वतःच्याच वॉलेटमध्ये पाठवलेलं नाणं त्या वहीत विक्री म्हणून घुसू देऊ नका, एवढं मात्र बघा.

माणदेशी_ट्रेडर: सगळं भरलं, पडताळा जुळला. पण शॉर्टचा नफा एक्स्चेंजवर २९४ दिसतो, शीटमध्ये ३००. कोणाचं खरं?

अनिवासी_पुणेकर: दोन्ही. एक्स्चेंज स्वतःच्या मार्क प्राइसवर मोजतं, ती तेव्हा ३,००४ असणार. लिक्विडेशनही त्याच भावावर होतं, म्हणून मी पर्पच्या ओळीत मार्कच घेतो.

खतावणी: इथे माझं जमत नाही. एका नाण्याला पूर्ण शीटभर एकच भाव हवा, नाहीतर पडताळाच कोसळतो. लिक्विडेशनसाठी मार्कचा एक जादा रकाना करा, पण तो बेरजेत नको.

अनिवासी_पुणेकर: बेरीज सुंदर दिसावी म्हणून ज्या भावावर खातं उडणार तो बाजूला बसवायचा? मला नाही पटत.