तुपाआधी पोहे-जिलबीकडे बघा

>> एचबीएवनसी ६.१, उपाशीपोटी साखर ९६, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४, एलडीएल ११०. तूप बंद करू का?

दादा, तुपाचं नंतर बघू. उपाशीपोटी साखर १००च्या आत आहे, तरी एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, वर गेलीय. म्हणजे साखर बहुधा खाल्ल्यावर चढते. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी जास्त नि एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल कमी, ही जोडीही गोड, मैदा आणि जास्तीच्या पोळ्या-भाताकडेच बोट दाखवते. इंदूरची सकाळ पोह्यांचीच, ते राहू द्या. पण जिलबी सोडा, पोहे अर्धी प्लेट आणि बरोबर वाटीभर मोडाचे मूग घ्या.

जेवणानंतर दोन तासांची साखर तपासा. हिमोग्लोबिनही बघाच: लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच वाढलेलं दिसतं.