शब्दचर्चा: ‘७ डिसेंबरपर्यंत रजेवर’ म्हणजे सातला कामावर की आठला?

वैशाली_सातपूर
मी सातपूरला खोक्यांच्या कारखान्यात ऑर्डरी आणि बिलं सांभाळते. आठ आठवडे रजेवर जातेय. द्राक्षाचा हंगाम तोंडावर असल्याने दिंडोरी-पिंपळगावहून मेल येत राहणार, म्हणून आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवायचं आहे. मसुदा असा केलाय:

“मी सोमवार १२ ऑक्टोबरपासून ७ डिसेंबरपर्यंत वैद्यकीय कारणास्तव रजेवर असून नाशिकबाहेर आहे. या काळात बिलांची मंजुरी आमचे श्री. अमुक देतील (मोबाइल अमुक). आल्यावर लगेच उत्तर देईन.”

सात तारखेला, सोमवारी, मी कामावर असेन. मग ‘पर्यंत’ बरोबर आहे का? आणि ‘रजेवर’ लिहू की ‘कार्यालयाबाहेर’?

अण्णा_पंचवटी
अर्जात आम्ही ‘दि. अमुक ते अमुक, दोन्ही दिवस धरून’ असं लिहायचो. खाली ‘रजा मंजूर व्हावी ही विनंती’. कारण मात्र लिहावंच लागतं, नाहीतर अर्ज परत येतो.

वैशाली_सातपूर
अण्णा, अर्ज मंजूर झालाय. हे मेल पाठवणाऱ्यांना जाणारं उत्तर आहे. ‘दोन्ही दिवस धरून’ मात्र आवडलं.

मकरंद_अंबड
‘पर्यंत’मध्ये शेवटचा दिवस येतोच. बिल भरायची मुदत १० तारखेपर्यंत असली की १० ला भरता येतं. तेव्हा ६ लिहा. पण मी हे उत्तर लावतच नाही. समोरच्याचंही चालू असेल तर दोन्ही मेलपेट्या रात्रभर एकमेकींना उत्तरं देत बसतात.

शुभदा_मेलवाली
मुदतीच्या बाबतीत मकरंद म्हणतात ते खरं, पण ‘सोमवारपर्यंत थांबा’ म्हटलं की माणूस सोमवारी सकाळीच फोन करतो. म्हणून ‘पर्यंत’वर वाक्य टेकवूच नका. ‘सोमवार, ७ डिसेंबरला पुन्हा कामावर येईन’ असं लिहा. वार असला की गोंधळ उरत नाही.

जीमेलमध्ये मात्र तारीख वेगळी पडेल. Vacation responder मध्ये Last day चा दिवस रात्री ११:५९ पर्यंत धरला जातो. तिथे रविवार ६ डिसेंबर टाका. ७ टाकलंत तर तुम्ही खुर्चीत बसून असाल आणि तुमचं पत्र लोकांना रजेवर असल्याचं सांगत राहील.

उत्तरांची साखळी होण्याची भीती जुनी आहे. जीमेल एकाच माणसाला फार तर चार दिवसांतून एकदा उत्तर पाठवतं. आउटलुक रजेच्या काळात प्रत्येकाला एकदाच पाठवतं.

आता मसुद्यातून काय काढायचं ते. ‘वैद्यकीय’ आणि ‘नाशिकबाहेर’ दोन्ही काढा. हे पत्र ओळखीच्या गिऱ्हाइकालाही जातं आणि कुठून तरी पत्ता मिळवलेल्या परक्यालाही. घर बंद आहे हे त्याला कशाला सांगायचं? पण सगळ्यात घातक वाक्य मंजुरीचं आहे. ‘आमचं बँक खातं बदललंय, वैशालीताईंशी बोलणं झालंय’ असा खोटा मेल कुणाला पाठवायचा आणि तुम्हाला कधी विचारता येणार नाही, हे दोन्ही त्यातून कळतं. बाहेरच्यांना फक्त विभागाचा सामायिक मेल द्या. आउटलुक असेल तर Inside My Organization च्या रकान्यात सहकाऱ्याचं नाव चालेल, तेही त्याला विचारून.

रेखा_सिडको
‘वैद्यकीय’वर माझा अनुभव सांगते. मी ‘शस्त्रक्रियेसाठी रजा’ लिहिलं होतं. परत आल्यावर पुरवठादारसुद्धा कामाआधी तब्येतच विचारायचे. मायेनेच विचारत होते, पण मला रोज नव्याने सांगावं लागायचं.

वैशाली_सातपूर
रेखाताई, काढलं. शुभदाताई, मोबाइल नंबरही काढला. आता असं आहे:

“नमस्कार. मी सध्या रजेवर आहे. सोमवार, ७ डिसेंबरला पुन्हा कामावर येईन. या काळात मेल पाहिले जाणार नाहीत. ऑर्डर किंवा बिलाबाबत कृपया विभागाच्या पत्त्यावर लिहा.”

‘लगेच उत्तर देईन’ पण काढलं. आठ आठवड्यांचे मेल साचल्यावर ‘लगेच’ जमणार नाही.

शुभदा_मेलवाली
छान झालंय. विभागाचा पत्ता तेवढा प्रत्यक्ष टाका. आणि जीमेल वापरत असाल तर तुमची नेहमीची सही उत्तराखाली आपोआप जोडली जाते. वरून काढलेला मोबाइल नंबर सहीतून पुन्हा बाहेर जायचा. उत्तर चालू केलंत की दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून स्वतःला मेल टाका आणि आलेलं पत्र खालपर्यंत वाचा.

मकरंद_अंबड
चार दिवसांचं ठाऊक नव्हतं, आता लावून बघतो. ‘कार्यालयाबाहेर’ मला तरी पटत नाही. माणूस बँकेत गेलाय की गावाला, काहीच कळत नाही.

रेखा_सिडको
मला उलट वाटतं. ‘रजेवर’ म्हटलं की लोक कारण विचारतात. ‘उपलब्ध नाही’ पुरेसं आहे.

अण्णा_पंचवटी
‘उपलब्ध’ वस्तू असते, माणूस नव्हे. आणि ‘कामावर येईन’ऐवजी ‘रुजू होईन’ लिहा की.

वैशाली_सातपूर
‘रुजू’ मला नवी नोकरी धरल्यासारखं वाटतं, अण्णा. रजेनंतरही चालतं का?