नर्स मिळत नाहीत म्हणता, मग पगार का वाढवत नाही?

मुक्तबाजार: पगार कमी, पगार कमी हे रडगाणं ऐकून कान किटले. माणसाला त्याच्या कामाच्या मोलाइतका पगार मिळतोच. मालक कमी देत असेल तर शेजारचा मालक दोन पैसे जास्त देऊन माणूस पळवेल. कुणीच पळवत नसेल तर तुमचं मोल तेवढंच. मालक पगार दाबून ठेवू शकतो, या त्याच्या 'ताकदी'च्या गप्पा पुरे आता.

उलटतपासणी: पुरे कशा? तुमच्या हिशेबात एका गोष्टीचा पत्ताच लागत नाही. हॉस्पिटलं वर्षानुवर्षं 'नर्स हव्यात' अशी जाहिरात देतात, जागा रिकाम्या राहतात आणि पगार जागचा हलत नाही. बाजार तुम्ही म्हणता तसा असेल तर टंचाईत भाव चढायला हवा.

चलन कुठलंही धरा. एका हॉस्पिटलात १० नर्स आहेत, तासाला ३० मिळतात. अकरावी ३१ शिवाय येणार नाही. तिच्यामुळे तासाला ३८ चं काम होणार आहे. घ्यायला काय हरकत? हरकत अशी, की तिला ३१ दिले की उरलेल्या दहाजणी गप्प बसणार नाहीत, त्यांनाही ३१ द्यावे लागतील. म्हणजे अकरावी पडली ३१ अधिक १०, एकूण ४१ ला. ३८ साठी ४१ कोण मोजेल? जागा रिकामी राहते आणि मॅनेजर खऱ्या मनाने सांगतो, 'माणसं मिळत नाहीत हो.'

आता कायद्याने ३३ च्या खाली पगार नाही असं ठरवा. सगळ्यांना ३३ देणं भागच आहे, तेव्हा अकरावी ३३ लाच पडते. ती येते, आणि बारावीचं काम ३३ च्या वरचं असेल तर बारावीही येते. पगारही वाढला, माणसंही वाढली. तुमच्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखात हे बसवून दाखवा.

सरळरेघ: गणित ठीक आहे, पण हे गावात एकच मालक असेल तर. खाणीच्या वसाहतीचा काळ गेला. शहरात पन्नास हॉस्पिटलं असतात.

उलटतपासणी: पन्नास असून काय? घर, मुलांची शाळा, पाळीच्या वेळा, ओळखीचा वॉर्ड, हे सगळं एका रुपयासाठी कोण सोडतं? मालकाने पगार एक टक्का कापला तर सगळी माणसं दुसऱ्या दिवशी निघून जायला हवीत, तुमचं मॉडेल हेच सांगतं. तशी जातात का? अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन मॅनिंग यांचा २००३ पासूनचा सगळा युक्तिवाद या एका प्रश्नावर उभा आहे.

वॉर्ड_सात: मी नर्स आहे. अकरावीला जास्त दिलं तर दहाजणींना द्यावं लागतं, हे अगदी खरं. म्हणून तर आमच्याकडे अकरावी एजन्सीकडून येते! माझ्या शेजारी तेच काम करते, तासाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त घेते. विचारलं तर उत्तर, 'ती आपल्या पगारपत्रकावर नाही.' तिच्यासाठी पैसे आहेत, माझ्यासाठी नाहीत.

मुक्तबाजार: मग तुम्हीही एजन्सीत जा. कोणी अडवलंय?

वॉर्ड_सात: बाँडने. तीन वर्षं. मधे सोडलं तर 'प्रशिक्षणाचा खर्च' भरायचा. प्रशिक्षण म्हणजे काय, तर त्यांचंच सॉफ्टवेअर कसं चालवायचं.

छोटा_मालक: बाँड म्हटलं की मालक राक्षस! माझी छोटी लॅब आहे. मी कोऱ्या माणसाला सहा महिने पगार देऊन शिकवतो, चुका माझ्या पदरात, आणि तयार झाला की मोठी साखळी त्याला उचलते. बाँड नसेल तर मी शिकवू कशाला?

वॉर्ड_सात: शिकवण्याच्या काळात कमी पगार देताच ना? मग वसूल झालाच की.

छोटा_मालक: मशीनचा एक सुटा भाग बिघडवला की किती जातात, माहीत आहे? घरी बसून लिहिणं सोपं असतं.

वॉर्ड_सात: घरी? रात्रपाळी संपवून लिहितेय.

सरळरेघ: अहो, विषय पगाराचा होता.

उलटतपासणी: हाच विषय आहे. छोटे मालक, तुमची तक्रार माझ्याच बाजूची निघाली. बाजार मुक्तबाजार म्हणतात तसा असता तर कुठेही चालणारं कौशल्य तुम्ही स्वखर्चाने कधीच शिकवलं नसतं, कारण त्याचं पूर्ण मोल दुसऱ्या दिवशी पगारात द्यावं लागलं असतं. तुम्ही शिकवता, कारण शिकलेल्या माणसाला मोलापेक्षा थोडं कमी देऊनही तो काही काळ टिकतो. बाँड नसतानाही टिकतो. बाँडने तो काळ नुसता लांबतो.

छोटा_मालक: वा! म्हणजे मी शोषकही आणि तुमचा पुरावाही. आभारी आहे.

सरळरेघ: पुराव्याचंच बोलायचं तर एकच बाजू का सांगता? कॅलिफोर्नियात नर्सिंग होमना ठराविक मनुष्यबळ ठेवायची सक्ती झाली. कमी माणसं असलेल्यांना भरती करावीच लागली. तुमच्या हिशेबाने त्यांना पगार चढवावा लागायला हवा होता. अर्थतज्ज्ञ मत्सुदाइरा यांनी २०१४ मध्ये दाखवलं की नर्सच्या मदतनिसांचा पगार जवळजवळ चढलाच नाही. चालू दरात हवी तेवढी माणसं मिळाली. ताकद कुठे गेली?

उलटतपासणी: अभ्यास चांगला आहे, नाकारत नाही. पण मदतनीस कोण, ते बघा. तो उद्या दुकानात, गोदामात, कुठेही जाऊ शकतो. नर्सला हॉस्पिटलबाहेर तिच्या परवान्याचे पैसे कोण देणार? प्रेगर आणि श्मिट यांनी अमेरिकेतली हॉस्पिटलांची विलीनीकरणं तपासली, २०२१ मध्ये ती छापून आली. ज्या विलीनीकरणांनी स्थानिक बाजार फारच थोड्यांच्या हाती गेला, तिथे पुढच्या चार वर्षांत नर्स आणि औषधविभागातल्यांचे पगार एरवी असते त्यापेक्षा ६.८ टक्के कमी राहिले. स्वयंपाकघर आणि सफाईवाल्यांच्या पगारात मात्र फरक सापडला नाही. विलीनीकरणामुळे कामच बदललं म्हणावं, तर दूरदूरच्या शहरांतली हॉस्पिटलं एकत्र आली तिथे हा परिणाम दिसत नाही.

सरळरेघ: म्हणजे अगदी तळाच्या कामगाराला, ज्याच्या नावाने सगळे गळा काढतात, त्याला हा सिद्धांत लागूच नाही? हे ठळक अक्षरात लिहा की.

उलटतपासणी: हॉस्पिटलांपुरतं लिहितो. सगळीकडे नाही. कार्ड आणि क्रूगर यांनी न्यू जर्सीत किमान वेतनाची १९९२ ची वाढ तपासली, तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५. फास्टफूडमधल्या नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. ती तळाचीच कामं होती.

मुक्तबाजार: आणि न्यूमार्क-वॉशर यांनी पगारपत्रकं मागवून उलटं दाखवलं, ते विसरलात.

उलटतपासणी: मग कार्ड-क्रूगर यांनी २००० मध्ये सरकारी नोंदी काढून उत्तर दिलं, ते तुम्ही विसरलात.

हक्काचं_बोला: एवढी चर्चा कशाला? पगार वाढवून नोकऱ्या वाढत असतील तर ३३ का, सरळ ६० करा!

उलटतपासणी: अहो, नका. अकरावी ३८ चं काम करते. दर ३९ झाला की ती घेतली जाणार नाही, आणि ६० ला आहेत त्यातल्या बऱ्याचजणी घरी जातील. फायदा ३० आणि ३८ च्या मधल्या जागेत आहे. ती जागा प्रत्येक धंद्यात, प्रत्येक गावात वेगळी.

मुक्तबाजार: आणि ती किती, हे सरकारी बाबूला कळणार? बरं, समजा मालक थोडं दाबतात. थोडं! पण दाबलेला पगार किती हे मोजता येत नसेल तर कायदा आंधळेपणानेच होणार.

उलटतपासणी: 'थोडं' कबूल केलंत, नोंद घेतली. पगाराचा आकडा ठरवणं अवघड आहे, मान्य. पण दोन हॉस्पिटलं एक व्हायला निघाली की अधिकारी बहुतेक वेळा रुग्णाचं बिल वाढेल का, हेच विचारत आले. नर्सचा पगार घटेल का, हे विचारायला कुठलाही आकडा आधी ठरवावा लागत नाही.

छोटा_मालक: विचारा, जरूर विचारा. मोठ्या साखळीने माझ्या शेजारच्या दोन लॅब गिळल्या तेव्हा कुणी विचारलं नाही. बाँड मात्र काढणार नाही मी, आधीच सांगतो.

वॉर्ड_सात: वर्षाचा करा निदान.

छोटा_मालक: दीड.