मदत हवी आहे : गुरुवारच्या पाणीबंदची घोषणा कशी लिहू?

आमची पुण्यातली ८४ फ्लॅटची सोसायटी. येत्या गुरुवारी दिवसभर महापालिकेचं पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. लिफ्टजवळच्या स्पीकरवर घोषणा करायचं काम माझ्याकडे आलंय.

मागच्या वेळी सेक्रेटरींनी "पाणी भरून ठेवा!" एवढंच सांगितलं. लोकांनी पिंपं, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरले आणि बुधवारी रात्रीच वरची टाकी कोरडी! खरं तर माणशी १३५ लिटर धरले, तर सुमारे ३४० माणसांना दिवसाला साधारण ४६,००० लिटर लागतात. खालची-वरची टाकी मिळून आपल्याकडे ९०,००० लिटर असतात. म्हणजे तुटवडा घबराटीनेच होतो.

मसुदा असा:

"नमस्कार. गुरुवारी महापालिकेचा पुरवठा बंद आहे. आपल्या टाक्या भरलेल्या आहेत. नळाला पाणी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ येईल. पिण्याचं पाणी आणि दोन बादल्या भरून ठेवा, जास्त साठवू नका. वॉशिंग मशीन शनिवारी लावा. नळ कोरडा दिसला तरी बंद करूनच बाहेर पडा. शुक्रवारी सुरुवातीला गढूळ पाणी आलं तर थोडं वाहू द्या, ते झाडांना घाला."

पाचव्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना हे एका दमात कळेल का? "टाक्या भरलेल्या आहेत" आधी सांगू की वेळा? आणि बुधवारी किती वाजता सांगू, म्हणजे पुन्हा झुंबड उडणार नाही?