गॅगमध्ये शेवटची रिअॅक्शन हवीच का?

लोकमान्यनगर: इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीवर 12 सेकंदांचा अॅनिमेशन गॅग करतोय, सेकंदाला 24 फ्रेम. काकांच्या हातात जलेब्यांची प्लेट. उजवीकडून कुत्रा येतो, म्हणून काका प्लेट डावीकडे फ्रेमबाहेर धरतात. परत येते ती रिकामी. पॅन केल्यावर गाय रवंथ करताना दिसते. शेवटी काकांची रिअॅक्शन आहे, ती काढू का? गाय दिसली की विनोद संपला असं मला वाटतं. टेस्ट क्लिप टाकली आहे.

राजवाडा: काढाच. फोनवर लोक अंगठा टेकवूनच बसलेले असतात. चित्र थांबलं की पुढे सरकले.

तुकोगंज: अजिबात काढू नकोस. गाय दिसते तेव्हा काय झालं एवढंच कळतं. हसू फुटतं ते काकांना कळताना बघून. तुझी खरी अडचण त्याच्या आधीच आहे. क्लिप फ्रेम-फ्रेम करून पाहिली. प्लेट आत येते त्याच फ्रेमला काका दचकतात. मोठ्या हालचालीकडे डोळा जातो, त्यामुळे प्लेट रिकामी आहे हे कुणी बघतच नाही. प्लेट आली की 10-12 फ्रेम सगळं थांबव. काका अजून कुत्र्याकडेच बघताहेत, जिंकल्याच्या थाटात. मग फक्त नजर प्लेटवर. मग पॅन, गायीवर सेकंदभर थांब, आणि मग काका.

नंदानगर: पण गाय एकदम टपकते भिया. आधी हंबरण्याचा आवाज टाक, तयारी होईल.

तुकोगंज: तयारी हवी हे बरोबर, पण हंबरणं ऐकलं की सगळे डावीकडेच बघतील. त्यापेक्षा पहिल्या वाइड शॉटमध्ये डाव्या कडेला अंधारात शेपूट दाखव आणि कुत्र्याला दुकानाच्या उजेडात चालव. नंतर क्लिप न पाहिलेल्या कुणाला तरी दाखव. प्लेट बाहेर गेली की थांबवून विचार, आता काय होणार? ‘गाय’ म्हणाला तर शेपूट जास्त दिसतेय. पुढे गाय पाहून ‘ही कुठून आली?’ म्हणाला तर कमी दिसतेय.

स्नेहलतागंज: माझ्या भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव घोडीवरून पडतो, कुणी हसत नाही. दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का?

तुकोगंज: सॉफ्टवेअरने काही होणार नाही, काका. नवरदेव पहिल्यापासून डुगडुगत असेल तर पडणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ऐटीत बसवा, लोकांना वरातीतल्या दुसऱ्या कशात तरी गुंतवा, मग पाडा.

राजवाडा: ताई, प्लेटवरचा थांबा पटला. रिअॅक्शन ठेवायचीच तर आधी दबून मग ताणून उडणारा टेक मात्र नको. गाय इतकी निवांत चघळतेय, काकांनीही नुसतं तिच्याकडे बघत राहावं. एकदा पापणी लवली की पुरे.

तुकोगंज: मोठ्या पडद्यावर मीही तेच केलं असतं. पण काका फ्रेममध्ये एवढेसे आहेत, फोनवर पापणी दिसणार नाही. क्लोजअप घेतलास तर गाय फ्रेमबाहेर जाते, आणि मला दोघं एकत्र हवीत.

राजवाडा: मग गायीला जवळ आण. टेक नकोच.

लोकमान्यनगर: प्लेटचा थांबा आज घालतो. रिअॅक्शन दोन्ही तऱ्हेने काढून इथेच टाकतो.