मदत हवी आहे : धोरणाकडे बोट दाखवून नाकारलेला परवाना

आमच्या खाणावळीचा अर्ज परवाना अधिकाऱ्यांनी "अरुंद गल्लीत परवाना न देण्याचे धोरण आहे" या एकाच ओळीत फेटाळला असून, सोबत जोडलेल्या अग्निशमन दाखल्याचा आणि मागील दाराच्या नकाशाचा आदेशात उल्लेखही नाही. कायद्याने निर्णय अधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपवला आहे. धोरण आखण्यात गैर काहीच नाही, परंतु अर्जदाराचे वेगळे म्हणणे ऐकून घ्यावेच लागते, हे इंग्लंडमधील ब्रिटिश ऑक्सिजन खटल्यातले तत्त्व मला पूर्णपणे पटते. मुंबई उच्च न्यायालयानेही १९०३ मध्ये, गेल विरुद्ध तेजा नूरा प्रकरणात, प्रत्येक गाडीचा स्वतंत्र विचार न करता सरसकट आदेशावरून परवाना नाकारणे चुकीचे ठरवले होते. अपिलात मूळ धोरणालाच आव्हान द्यावे, की केवळ त्याच्या यांत्रिक वापराला? टिपणीसह संपूर्ण फाइलची प्रत माहिती अधिकारात आधी मागवावी का? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.